पहाटेच्या थंडीत इंजिन ऑइल: डब्यावरचा ‘डब्ल्यू’ काय सांगतो

जानेवारीत दापोलीच्या सड्यावर पहाटे पारा दहा-अकरा अंशांवर येतो, आणि नेमकी तेव्हाच आपल्याला सकाळी लवकर यंत्रं लागतात. मोहोरावर तुडतुडे असतात, फवारणी ऊन चढायच्या आत उरकायची असते, भाजीचा टेम्पो बाजाराला निघायचा असतो. या दिवसांत ‘थंडीनं ऑइल गोठलं’ असं हमखास ऐकू येतं. ते खरं नाही.

गोठतं ते खोबरेल. न्हाणीघरातली बाटली चोवीस अंशांच्या खाली पांढरी होऊन बसते, हे आपण दर थंडीत पाहतो. इंजिन ऑइल असं एकदम गोठत नाही, अंशाअंशानं दाट होत जातं. पंधरा-चाळीसचं साधारण ऑइल दुपारच्या तीस अंशांना असतं त्याच्या तिपटीहून दाट पहाटे दहा अंशांना असतं. तापलेल्या इंजिनाशी तुलना केली तर चाळीसपट. ऑइलची काडी पहाटे आणि पुन्हा काम आटोपल्यावर बाहेर काढून बघा. पहाटे थेंब काकवीसारखा लोंबकळतो, नंतर पाण्यासारखा सुटतो.

डब्यावर ‘१५ डब्ल्यू ४०’ लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीचा आणि नंतरचा तापलेल्या इंजिनाचा. नंतरच्या आकड्याचा दाटपणा शंभर अंशांना मोजतात. पुष्कळ जण पंधरा म्हणजे पंधरा अंश समजतात. तो अंश नाही, वर्ग आहे. १५ डब्ल्यू ऑइलची परीक्षा उणे वीस अंशांना होते: एवढ्या थंडीत स्टार्टरला इंजिन फिरवता येईल इतकंच ते दाट असावं. मग उणे पंचवीसला पाहतात, पंपाला ते खेचता येतं का. २० डब्ल्यूसाठी या दोन्ही मर्यादा पाच अंशांनी वर, म्हणजे उणे पंधरा आणि उणे वीस. आकडा लहान, तितकं ऑइल जास्त थंडीत चालतं.

म्हणजे कोकणातली थंडी या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. दहा अंशांना १५ डब्ल्यू जितकं दाट असतं, त्याच्या दहापटीहून जास्त दाटपणा त्या परीक्षेत चालतो. म्हणून केवळ पहाटेच्या त्रासापायी महागडं ५ डब्ल्यू घेऊ नका. यंत्राच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घाला.

मग आमच्या पॉवर टिलरचं हँडल गेल्या जानेवारीत एवढं जड का झालं होतं? सकाळी साडेसहाला दोघांनी मिळून फिरवावं लागे, दुपारी मात्र एकटा सहज फिरवी. शोधल्यावर कळलं की पुस्तिकेत पंधरा-चाळीस होतं आणि आम्ही पंपाच्या इंजिनाचं उरलेलं नुसतं ४० ग्रेडचं ऑइल भरलं होतं. त्याच्या डब्यावर डब्ल्यू नव्हताच, म्हणजे थंडीच्या परीक्षेची हमीच नव्हती. तापलेल्या इंजिनात दोन्ही सारखीच. पण दहा अंशांना हे ऑइल पंधरा-चाळीसच्या जवळपास दुप्पट दाट. इंजिन गरम असताना जुनं काढलं, नवं काडीच्या वरच्या खुणेपर्यंत भरलं, आणि तशाच गार पहाटे हँडल एका हातानं फिरलं. तुमच्या यंत्राला पुस्तिकेत नुसतं ३० किंवा ४० सांगितलं असेल तर तेच योग्य. तिथे बदल करू नका.

ऑइल बरोबर असूनही यंत्र जड जात असेल तर दोन गोष्टी बघा. सेल्फ मारताना हेडलाइट मंद होत असतील तर दोष बहुधा बॅटरीचा किंवा तिच्या टोकांवर जमलेल्या पांढऱ्या क्षाराचा. खाऱ्या हवेत तो क्षार फार लवकर धरतो. दुसरं, बदलायची वेळ उलटून गेलेलं डिझेल इंजिनाचं ऑइल काजळीनं स्वतःच दाट होतं. ते आता किती दाट झालंय हे मग डब्यावर बघून काही कळत नाही.

सुरू केल्यावरचे पहिले काही क्षण जपायला हवेत. रात्रभर ऑइल खाली इंजिनाच्या तळाशी उतरलेलं असतं. पंप हे ऑइल बेअरिंगांपर्यंत आणि वर व्हॉल्वपर्यंत पोचवेपर्यंत भागांवर फक्त उरलेला पातळ थर असतो. ऑइल दाट तेवढा वेळ जास्त. तेव्हा रेस देऊ नका. हँडलवाल्या टिलरचं डिझेल बंद ठेवून, डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलून दहा-बारा फेरे आधी मोकळे फिरवा. सुरू झालं की अर्धा-एक मिनिट मंद चालवा, मग हलक्या कामानं तापू द्या. दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं घरघरत ठेवलं तर डिझेल जातं आणि काजळी वाढते. ऑइलचा लाल दिवा चार-पाच सेकंदांत विझला नाही तर इंजिन लगेच बंद करा आणि आधी काडी बघा.