आकृतीतले त्रिकोण मोजताना या चुका टाळा

शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीचा सराव करताना त्रिकोण मोजायची आकृती आली की मुलं पेन्सिल फिरवत मोजत सुटतात. दुसऱ्यांदा मोजलं की उत्तर बदलतं. का बदलतं, ते एक आकृती काढून पाहू.

4 सेंमी बाजूचा चौरस अबकड काढा. दोन्ही कर्ण जोडा, ते म मध्ये छेदतील. बाजूंचे मध्यबिंदू घ्या: वर प, उजवीकडे य, खाली र, डावीकडे ल. उभी रेघ प-र आणि आडवी रेघ य-ल मारा. शेवटी प-य, य-र, र-ल, ल-प जोडा. आता 16 सारखे त्रिकोणी तुकडे झाले.

पहिली चूक कोपऱ्यापासून मोजण्याची. त्रिकोण अबम तुम्ही अ पाशी मोजता, ब पाशी पुन्हा मोजता, कारण प्रत्येक त्रिकोणाला तीन कोपरे असतात. त्याऐवजी सर्वांत लांब बाजू धरा. इथल्या सगळ्या रेघा आडव्या, उभ्या किंवा 45 अंशांत तिरक्या आहेत, त्यामुळे प्रत्येक त्रिकोण काटकोनी आणि त्याची सर्वांत लांब बाजू एकच. मग दुबार मोजणी होतच नाही.

लांब बाजू 2 सेंमी असलेले त्रिकोण 16. सुमारे 2.8 सेंमीचे, म्हणजे छोट्या चौकटीचे अर्धे, चार चौकटींत प्रत्येकी 4, म्हणून 16. लांब बाजू चौरसाचा पूर्ण कर्ण असलेले 4.

राहिले 4 सेंमीवाले, आणि खरी गळती इथेच होते. बाहेरच्या चार बाजूंवर एकेक, म्हणजे 4, हे सगळ्यांना दिसतात. पण मधली रेघ य-ल हीसुद्धा 4 सेंमीच आहे. तिच्या वर लपय, खाली लरय. तसेच प-र च्या दोन्ही अंगांना एकेक. या रेघा आकृतीच्या पोटात असल्याने नजर त्यांना पाया मानत नाही. हे धरून 8 झाले. एकूण 16+16+8+4 = 44.

पडताळा तुकड्यांवरून घ्या. इथला त्रिकोण 1, 2, 4 किंवा 8 तुकड्यांचाच असतो. 3 तुकड्यांचा "त्रिकोण" सापडला, तर त्याची कड कुठेतरी वाकलेली आहे किंवा तो चौकोन आहे.

याच आकृतीतले चौरस मोजताना 1²+2² लावून 5 लिहिणं ही दुसरी मोठी चूक. ते सूत्र फक्त सरळ उभे चौरस मोजतं. कागद 45 अंशांत फिरवा: पयरल हा एक, आणि म-प, म-य, म-र, म-ल हे कर्ण असलेले चार छोटे. एकूण 10.

त्रिकोण मोजायचं n(n+1)/2 हे सूत्रही इथे चालत नाही. एका शिरोबिंदूतून निघालेल्या रेघा एकाच पायावर टेकून पायाचे n भाग करत असतील आणि आत दुसरी रेघ नसेल, तेव्हाच ते वापरा.