ओप्पा कोण, ऑन्नी कोण, सनबे कोण: कोरियन हाका मारताना या चुका टाळा

मराठीत थोरल्या भावाला भाऊही दादा म्हणतो आणि बहीणही. हाक मारणारा मुलगा आहे की मुलगी, याने 'दादा' बदलत नाही. कोरियनमध्ये बदलतो, आणि मालिका पाहून हे शब्द उचलणाऱ्यांच्या निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. मुलीने थोरल्या भावाला 'ओप्पा' म्हणायचं, थोरल्या बहिणीला 'ऑन्नी'. मुलाने थोरल्या भावाला 'ह्यॉंग' म्हणायचं, थोरल्या बहिणीला 'नुना'. नात्याबाहेरच्या मोठ्यांनाही हेच शब्द लागतात. म्हणजे शब्द निवडताना आधी स्वतःकडे बघायचं, मग समोरच्याकडे. पुरुष चाहत्याने आवडत्या गायकाला 'ओप्पा' म्हटलं की कोरियन माणसाला हसू येतं ते यामुळे. त्याने 'ह्यॉंग' म्हणायला हवं. तसंच मुलाने मोठ्या मुलीला 'ऑन्नी' म्हणू नये, 'नुना' म्हणावं.

उच्चाराचंही इथेच सांगून टाकू. 'ऑन्नी'चं प्रचलित रोमन स्पेलिंग 'यू' या अक्षराने सुरू होतं, म्हणून आपल्याकडे सर्रास 'उन्नी' ऐकू येतं. तो स्वर 'उ' नाही. 'अ' आणि 'ऑ' यांच्या मधला आहे. 'ह्युंग' नव्हे, ह्यॉंग. आपल्या आधी आलेल्यासाठीचा शब्द 'सुनबे' नव्हे, सनबे किंवा सॉनबे. आणि 'ओप्पा'तला 'प' घट्ट दाबून म्हणायचा, त्यात हवा सोडून 'ओफा' करायचा नाही.

वय महिन्यांत मोजू नका

हे चारही शब्द फक्त आपल्याहून मोठ्यांसाठी आहेत. पण मोठं म्हणजे किती मोठं? साधारण नियम जन्मवर्षाचा. एकाच वर्षी जन्मलेले एकमेकांचे 'छिंगू', म्हणजे बरोबरीचे. एक जानेवारीत आणि दुसरा डिसेंबरात जन्मला असला तरी त्यांच्यात ओप्पा-नुना चालत नाही. अपवाद घरातला: जुळ्यांमध्ये काही मिनिटांनी आधी आलेला ह्यॉंग किंवा ओप्पा ठरतो.

बीटीएस या सात कोरियन गायकांच्या गटावर हा हिशेब नीट दिसतो. जिनचा जन्म डिसेंबर १९९२चा, शुगाचा मार्च १९९३चा. जे-होप फेब्रुवारी १९९४चा आणि आरएम सप्टेंबर १९९४चा. सात महिन्यांचं अंतर असूनही दोघे बरोबरीचे. जिमिन ऑक्टोबर १९९५चा, वी डिसेंबर १९९५चा, तेही बरोबरीचे. जंगकूक सप्टेंबर १९९७चा. आता १९९६ साली जन्मलेली मुलगी घ्या. जिनपासून वीपर्यंत सहा जण तिचे ओप्पा होतात, जंगकूक होत नाही. तो तिच्याहून लहान आहे. १९९५च्या जानेवारीत जन्मलेल्या मुलीला तर जिमिन आणि वीसुद्धा ओप्पा नाहीत. आणि १९९०ची मुलगी असेल तर अख्ख्या गटात तिचा ओप्पा कुणीच नाही, सातही जणांची ती नुना. लाडाने किंवा गमतीने वयाने मोठ्या चाहत्याही 'ओप्पा' म्हणतात हे खरं, पण ते चेष्टेतलं बोलणं आहे हे ऐकणाऱ्यालाही कळत असतं.

जून २०२३मध्ये दक्षिण कोरियात कायदेशीर कामांसाठी जगभरासारखं वाढदिवसाने मोजलेलं वय लागू झालं. त्यामुळे 'आता वाढदिवसाप्रमाणे लहान-मोठं ठरवायचं' असा अर्थ काहींनी काढला. तसं करू नका. शाळेचा वर्ग अजून जन्मवर्षाने ठरतो आणि समवयस्कांची हाकही त्यावरच बेतलेली असते. म्हणून लोक एकमेकांना 'वय किती' यापेक्षा 'कुठल्या सालचे' हे विचारतात.

यात एक जुना गुंता उरला आहे. २००२पर्यंत जन्मलेल्यांपैकी जानेवारी-फेब्रुवारीवाल्यांना आदल्या वर्षीच्या मुलांबरोबर शाळेत घातलं जाई, कारण शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. त्यांना 'पारुन', म्हणजे 'लवकरचे', म्हणतात. फेब्रुवारी १९९८चा मुलगा वर्गात १९९७वाल्यांचा मित्र असतो. मग १९९८च्या ऑगस्टमधला मुलगा त्याला मित्र म्हणणार की ह्यॉंग? यावर कोरियन लोकही वाद घालतात. तुम्ही ठरवत बसू नका, त्यालाच विचारा. २००३ आणि नंतर जन्मलेल्यांना हा प्रश्न येत नाही.

मोठा आहे म्हणून लगेच ओप्पा नाही

वय आणि लिंग जुळलं तरी तिसरी अट उरते, जवळीक. पहिल्याच भेटीत अनोळखी मुलाला 'ओप्पा' म्हणणं लाडीगोडी किंवा जवळीक साधण्याचा प्रयत्न वाटतो, कारण हाच शब्द मुली प्रियकरालाही वापरतात. 'ऑन्नी' या बाबतीत सैल आहे. मुलींमध्ये ती लवकर जमते. 'ह्यॉंग'ही दोन-चार भेटींत येतो. 'ओप्पा'ला मात्र सबुरी हवी.

तोपर्यंत काय म्हणायचं? नावाला 'शी' जोडायचं. 'पार्क जिहून-शी' किंवा 'जिहून-शी'. नुसत्या आडनावाला 'शी' लावायचं नाही. 'मिस्टर पार्क'च्या धर्तीवर 'पार्क-शी' म्हटलं की ते एखाद्या मजुराला वरून हाक मारल्यासारखं लागतं. आणि शिक्षक, वरिष्ठ किंवा वयाने बऱ्याच मोठ्या माणसाला 'शी' अजिबात नको.

शब्दकोशात 'तुम्ही' म्हणून सापडणारा 'तांगशिन'ही टाळा. तो नवरा-बायकोत चालतो, पण अनोळखी माणसाला तोंडावर म्हटला की भांडण सुरू झाल्यासारखा वाटतो. कोरियन माणूस 'तुम्ही'च्या जागी नाव, पद किंवा नातं वापरतो. म्हणून तर हाक ठरेपर्यंत वाक्य पुढे सरकत नाही.

सनबे नातं नाही, क्रम आहे

सर्वांत जास्त गोंधळ इथे. ओप्पा आणि ऑन्नी वयावर ठरतात. सनबे ठरतो कोण आधी आलं यावर. त्याच शाळेत, त्याच विभागात, त्याच क्षेत्रात तुमच्या आधी दाखल झालेला तुमचा सनबे, मग तो पुरुष असो वा स्त्री. आदर वाढवायचा तर 'सनबेनिम'. नंतर आलेला 'हुबे'. पण दोघांमध्ये सामायिक संस्था किंवा क्षेत्र हवं. शेजारच्या इमारतीतल्या अनुभवी माणसाला किंवा ट्रेनमध्ये भेटलेल्या मोठ्या विद्यार्थ्याला सनबे म्हणण्यात अर्थ नाही.

समजा, ऑगस्ट १९९९ची एक मराठी मुलगी सोलच्या विद्यापीठात एमएस्सीसाठी प्रयोगशाळेत रुजू झाली. तिथे पाच जण आहेत.

पहिला १९९६चा मुलगा, तिच्या दोन वर्षं आधी आलेला. तो वयानेही मोठा आणि क्रमानेही. तरी सुरुवात 'सनबेनिम'नेच करायची. काही महिन्यांनी तो स्वतःच म्हणाला, तर 'ओप्पा'. मात्र प्राध्यापकांसमोर बैठकीत पुन्हा 'सनबेनिम'.

दुसरी २००१ची मुलगी, एक वर्ष आधी आलेली. इथे परदेशी मुली हमखास अडखळतात. ती सनबे आहे, पण ऑन्नी कधीच नाही, कारण ती वयाने लहान. उलट आपली मुलगीच तिला ऑन्नी लागते. दोघींनी एकमेकींशी आदरार्थी बोलायचं. एकीने 'सनबेनिम' म्हणायचं, दुसरीने नाव आणि 'शी'. वयाने मोठी आहे म्हणून नवी मुलगी तिच्याशी एकेरीवर आली, तर बाकी सगळ्यांच्या ते लगेच ध्यानात येतं.

तिसरी नोव्हेंबर १९९९ची, बरोबरच रुजू झालेली. ती छिंगू. पण एकेरी बोलणं आपोआप सुरू होत नाही, दोघींपैकी एक आधी विचारते आणि दुसरी होकार देते.

चौथा १९९५चा मुलगा, नोकरी सोडून तिच्यानंतर शिकायला आलेला. तो तिचा हुबे आहे आणि तिच्याहून मोठाही. तिने त्याला 'शी' लावायचं, त्याने तिला 'सनबेनिम' म्हणायचं. जवळीक झाल्यावर ती त्याला ओप्पा म्हणू शकते. तेव्हा क्रम मागे पडतो आणि वय पुढे येतं.

पाचवे प्राध्यापक. ते त्याच विभागातून शिकलेले असले तरी सनबे नाहीत, 'क्योसुनिम'च.

अडलं की विचारायचं: 'म्वोरागो पुरुम्यॉन द्वेलकायो?' म्हणजे 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' हे विचारण्यात कमीपणा नाही. कोरियन माणसंही एकमेकांना विचारतात.

खालच्या दिशेने हेच शब्द फिरवू नका

आरसा धरावा तसे उलट शब्द असतील असं वाटतं, पण नाहीत. धाकट्याला 'तोंगसेंग' म्हणतात, तो फक्त उल्लेख करण्यासाठी. 'हा माझा तोंगसेंग' ठीक. 'ए तोंगसेंग' अशी हाक नाही. हुबेचंही तेच. लहानाला नावाने बोलवायचं आणि नावाला शेपूट जोडायचं: नाव व्यंजनाने संपत असेल तर 'आ', स्वराने संपत असेल तर 'या'. जिमिनचं होतं 'जिमिना', सुजीचं 'सुजीया'. हे शेपूट मोठ्याच्या नावाला लागलं तर सरळ अपमान होतो. पडद्यावर एक मित्र दुसऱ्याला असं म्हणताना ऐकून तीच नक्कल वरिष्ठांवर करू नका.

कंपनीत आणि उपाहारगृहात

पुण्याजवळ रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावला ह्युंदाई आली आहे. कोरियन साहेबांशी रोज संबंध येणाऱ्यांनी नात्यांचे शब्द बाजूला ठेवावेत. तिथे आडनाव, पद आणि आदराचा 'निम': 'किम बूजांगनिम', 'ली क्वाजांगनिम'. बूजांग विभागप्रमुख, क्वाजांग त्याच्या खालचा व्यवस्थापक. पद बढतीने बदललं की त्याच दिवसापासून हाकही बदलायची. जुन्या पदाने हाक मारली तर माणूस दुखावतो. काही कंपन्यांनी पदं काढून सगळ्यांना नाव आणि 'निम' अशी पद्धत केली आहे. सीजे या कोरियन उद्योगसमूहात ती २०००पासून आहे. त्यामुळे रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात शेजारच्या सहकाऱ्याला विचारून घ्यावं.

उपाहारगृहात बाईंना 'आजुम्मा', म्हणजे काकू, म्हणू नका. बऱ्याच बायकांना ते झोंबतं. घरगुती खाणावळीत 'इमो', म्हणजे मावशी, चालतं, मालकाला 'साजांगनिम'. दोन्ही जमत नसेल तर 'जॉगियो', म्हणजे 'अहो, ऐका', म्हणा. त्यात ना वय येतं, ना नातं, आणि वाढणारं माणूस तेवढ्यानेच वळून बघतं.