जुन्या पोस्टकार्डावरचा फोटो नेमका कधीचा?

जुनं चित्र-पोस्टकार्ड हाती आलं की आधी ते उलटून मागची बाजू पाहा. मागे मधोमध उभी रेघ असेल, म्हणजे डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता, तर कार्ड बहुधा विसाव्या शतकातलं. ब्रिटनमध्ये अशी विभागणी 1902 पासून चालू झाली. त्याआधी मागची बाजू फक्त पत्त्यासाठी असे, म्हणून लोक चित्राच्या कडेच्या पांढऱ्या जागेत दाटीवाटीने खुशाली लिहीत.

पण हे झालं कार्डाचं वय. फोटो त्याहून बराच जुना असू शकतो, कारण छापणारे एकच निगेटिव्ह वर्षानुवर्षं वापरत. म्हणून पुढची साक्ष चित्रातूनच काढायची.

समजा, कडेला छापलंय ‘अपोलो बंदर, बॉम्बे’. चित्रात ताजमहाल हॉटेल आहे, पण गेटवे ऑफ इंडिया कुठेच नाही. ताज 1903 मध्ये उघडलं, म्हणजे पूर्ण इमारत दिसणारा फोटो साधारण तेव्हापासूनचा. गेटवे 1924 मध्ये पूर्ण झाला, पण बांधकाम बरंच आधी सुरू झालं होतं. म्हणून धक्क्यावर बांधकामाच्या परांच्याही दिसत नसतील तर वरची मर्यादा आणखी खाली येते. मात्र गेटवेची जागाच चौकटीत आहे ना, हे आधी तपासा. टपालाचा शिक्का 1909 चा असेल तर प्रश्न मिटलाच: फोटो त्याच्या आधीचा.

कडेचा मजकूर मात्र डोळे झाकून मानू नका. परदेशी छापखान्यांत गावांची नावं सर्रास चुकत.