बोलीचं ध्वनिमुद्रण करायचं आहे? पंचायतीला पत्र असं लिहा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात मी दिलेलं पहिलं पत्र सव्वा पानाचं होतं. त्यात माझ्या पदव्या होत्या, बोली टिकवण्याची कळकळ होती आणि विदेबद्दल, म्हणजे जमवलेल्या डेटाबद्दल, एकच वाक्य होतं: 'ध्वनिमुद्रण केवळ संशोधनासाठी वापरले जाईल.' ग्रामसभेत मागे बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "म्हणजे यूट्यूबार घालतले काय?" मला धड उत्तर देता आलं नाही. अर्ज पुढच्या सभेवर गेला आणि त्यात तीन महिने गेले. दुसरं पत्र मी त्या प्रश्नापासून लिहायला घेतलं. खालच्या पायऱ्या त्याच पत्राच्या आहेत.

1. कोण कशाची परवानगी देऊ शकतं ते आधी लिहून काढा

गावात फिरून काम करायला पंचायत हरकत नसल्याचं सांगू शकते. एखाद्या आजीचा आवाज तुम्हाला देण्याचा अधिकार मात्र पंचायतीला नाही. तो त्या आजीचाच. तिसरी जागा मांडाची, म्हणजे गावाच्या ठरलेल्या अंगणाची. धालो ही बायकांची नाच-गाणी पौषात रात्री मांडावर होतात, मांड पवित्र असतो, आणि तिथे काय चालेल हे तिथल्या बायका आणि मानकरी ठरवतात. सरपंच निवडून आलेले असले तरी मांडाचा शब्द त्यांचा नसतो. म्हणून पत्र सरपंचांच्या नावे लिहावं, प्रत मांडाच्या मानकऱ्यांना द्यावी आणि पत्रातच स्पष्ट म्हणावं:

'पंचायतीने परवानगी दिली तरी कोणावरही बोलण्याची सक्ती नाही. प्रत्येकाला मी स्वतंत्र विचारीन. मांडावर ध्वनिमुद्रण मांडाच्या मंडळींनी होकार दिला तरच करीन.'

2. सुरुवात चार ओळींत आटपा

नाव, संस्था, पैसे कोण देतं, किती माणसं किती दिवस येणार, कुठे राहणार, फोन. वेळ देणाऱ्याला मोबदला द्यायचा असेल तर रक्कम इथेच लिहा, नाहीतर गावात आकडे फिरतात.

3. बोलीला नाव देऊ नका

गोव्याबाहेरून आलेला माणूस इथे हमखास अडकतो. 'आपल्या गावातील कोकणी बोली' किंवा 'मराठी बोली' असं विषयाच्या ओळीत लिहिलंत की अर्धी सभा त्याच ओळीवर संपते. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा 1967 चा जनमत कौल आणि कोकणीला राजभाषा करणारा 1987 चा कायदा अजून लोकांच्या बोलण्यात आहेत. सत्तरीत घरातलं बोलणं एक, गाण्यातली भाषा दुसरी, शाळेतली तिसरी असंही असतं. उद्या हेच ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून कोणी पुढे करेल, ही शंका रास्त आहे. मी विषय असा लिहितो: 'गावात घरोघरी बोलल्या जाणाऱ्या भाषेचे ध्वनिमुद्रण करण्यास परवानगी मिळणेबाबत.'

पण अडचण इथे संपत नाही. संग्रहात फाइल ठेवताना भाषेचा संकेत भरावाच लागतो, गोव्यातल्या कोकणीसाठी `gom`, मराठीसाठी `mar`. हे लपवू नका. पत्रात सांगा की बोलणारा आपल्या भाषेला जे नाव देईल ते नोंदीत तसंच राहील, संकेत ही त्याच्या शेजारची तांत्रिक खूण असेल, आणि गरज पडली तर दोन्ही संकेत लावता येतात.

4. 'संशोधनासाठी' हा शब्द फोडा

आवाजाचं पुढे काय होणार हे एकेक वापर सुटा करून सांगा, म्हणजे माणूस एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणू शकतो. माझ्या पत्रात चार प्रश्न असतात. मी आणि माझे सहकारी ऐकून लिहून घेऊ का? त्यातली वाक्यं लेखात किंवा शब्दकोशात छापू का? फाइल संग्रहात ठेवू का, आणि ठेवली तर कोणीही ऐकावी, नोंदणी केलेल्यांनी ऐकावी, की दर वेळी विचारून? इंटरनेटवर सर्वांसाठी टाकू का? त्या बाईंचा प्रश्न चौथा होता, आणि मी पहिल्याचं उत्तर देत बसलो होतो.

नावाचंही इथेच विचारा. नाव नको असेल तर संक्षेप लिहा. पण लहान गावात आवाजावरूनच माणूस ओळखतात, तेव्हा 'ओळख पूर्ण गुप्त राहील' असं वचन देऊ नका.

विषयांची मर्यादाही सांगा. म्हादई अभयारण्य 1999 साली जाहीर झालं, 2023 साली उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तिथे व्याघ्र क्षेत्र अधिसूचित करण्याचा आदेश दिला. अशा भागात यंत्र घेऊन फिरणारा माणूस वन खात्याचा वाटतो. आजोबा जुन्या आठवणींत कुमेरी, म्हणजे रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती, कुठे केली, रानात काय मारलं हे सहज सांगून जातात. मी लिहितो: 'जमीन, रान, शिकार यांबद्दलचा भाग मी कोणत्याही खात्याला देणार नाही. मात्र न्यायालयाने मागितल्यास मला नाकारता येणार नाही. म्हणून असा भाग त्याच दिवशी वगळावा, अशी माझी विनंती राहील.'

5. मागे घेण्याचा परिच्छेद

पत्रातला हा सगळ्यात कठीण भाग. 'संमती कधीही मागे घेता येईल' हे वाक्य सगळे लिहितात, पण ते अर्धंच खरं असतं. खरं चित्र टप्प्याटप्प्याने दाखवा. माझा मजकूर असा:

'ध्वनिमुद्रण झाल्यावर त्याची प्रत पेनड्राइव्हवर आपल्याला देईन. आपण ऐकून गुढीपाडव्यापर्यंत सांगावे. तोपर्यंत ते माझ्याकडेच राहील. आपण नको म्हटल्यास सर्व प्रती पुसून टाकीन. संग्रहात गेल्यानंतर आपण सांगितल्यास ते बंद करता येईल, परंतु तोवर कोणी उतरवून घेतलेली प्रत परत आणता येणार नाही. छापलेली वाक्येही परत घेता येणार नाहीत.'

पौषातलं ध्वनिमुद्रण आणि पाडव्याची मुदत, म्हणजे साधारण दोन-तीन महिने मिळतात. 'नव्वद दिवस' लिहिलं तर कोणी मोजत बसत नाही, पाडवा मात्र लक्षात राहतो. आणि ऐकायला यंत्र नसेल त्यांच्याकडे स्वतः जाऊन ऐकवा.

डिजिटल वैयक्तिक विदेचा 2023 चा कायदा संमती साध्या भाषेत आणि नेमक्या कारणासाठी मागतो, आणि 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगतो. संशोधनाला त्यात काही सूट आहे. तिच्यावर विसंबू नका, ग्रामसभेत ती सूट कोणी ऐकून घेत नाही.

6. पत्र देणं आणि नंतर

पत्र पंचायत सचिवांकडे द्या, आवक नोंदीचा क्रमांक आणि शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. मग सभेत स्वतः वाचून दाखवा, कारण कागद सरपंचांच्या फाइलमध्ये जातो आणि लोकांपर्यंत पोचतो तो तुमचा आवाज. ठरावाची प्रत मागून घ्या. प्रत्यक्ष कामाच्या वेळी सही करायला संकोच वाटतो अशा माणसाकडून ते चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच बोलून घ्या. आजीने हसत "हय, हय" म्हटलं की लगेच पुढे जाऊ नका. "यूट्यूबार?" असं वेगळं विचारा. बरेचदा तिथे हसू थांबतं आणि खरं उत्तर मिळतं.

दुसऱ्या वेळी त्या गावाने परवानगी दिली. ठरावाखाली पेनाने एक ओळ वाढवलेली होती: धालोची शेवटची रात्र घ्यायची नाही. त्या रात्री मी यंत्र खोलीत ठेवून मांडाबाहेर उभा राहिलो.