मंद नेटवर मोठा व्हिडिओ चढवायचा कसा

आमच्या गावात दरवर्षी हरिनाम सप्ताह असतो. शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन मी मोबाइलवर शूट करतो आणि यूट्यूबवर टाकतो. पाटण तालुक्यात, ढेबेवाडी खोऱ्यात, जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी मुंबईला असतं. कीर्तन संपून तास होत नाही तोच त्यांचे फोन सुरू होतात, "टाकलं का?" गावात फायबर आलेलं नाही. जे आहे ते मोबाइलचं नेट, रोज दीड जीबी, आणि चारही बाजूंनी डोंगर. गेली काही वर्षं हे काम मी करतोय. "चांगलं नेट असेल तिथे जाऊन अपलोड करा" हा सल्ला ऐकून कान किटले आहेत. ते जमत असतं तर विचारलं कोणी असतं?

लॅपटॉप, चार्जर, डेटा केबल आणि मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवलेली, एवढं तुमच्याकडे आहे असं धरतो. यूट्यूबवर पंधरा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ टाकायचा असेल तर खातं फोन नंबरने पडताळून घ्या. ते एकदाच करावं लागतं.

आधी वजन कमी करा

यंदाचं कीर्तन ५२ मिनिटांचं होतं. १०८० पिक्सेलमध्ये शूट केलेली फाइल साडेसहा जीबीच्या पुढे गेली. आमच्याकडे वर जाणारा वेग साधारण १ एमबीपीएस मिळतो, म्हणजे तासाला ४५० एमबी. या हिशेबाने मूळ फाइल चढायला चौदा-पंधरा तास लागले असते आणि पाच दिवसांचा डेटा गेला असता. "मूळ क्वालिटीच टाका" असं सांगणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलेला नसतो. कीर्तनात बुवा एका जागी उभे, मागे टाळकरी, कॅमेरा स्टँडवर. असं दृश्य ७२० पिक्सेलमध्ये मोबाइलवर पाहणाऱ्याला व्यवस्थित दिसतं.

हॅन्डब्रेक हा मोफत प्रोग्रॅम वापरा. त्यात `Fast 720p30` हा प्रीसेट निवडा, व्हिडिओच्या पानावर `RF` २६ करा, आवाज १२८ वर ठेवा. `RF` चा आकडा जितका मोठा तितकी फाइल लहान. आवाजात मात्र काटकसर नको, मृदंग फुटका वाजला तर लोक लगेच बंद करतात.

सगळी फाइल एकदम करायला बसू नका. आधी एकाच मिनिटाचा तुकडा काढून पाहा, आणि तो सगळ्यात धामधुमीचा घ्या. मी सगळे नाचत होते ते मिनिट घेतलं, ते १६ एमबीचं झालं. शांत निरूपणाचं मिनिट ८ एमबीचं. शांत भाग जास्त होता, त्यामुळे ५२ मिनिटांचे पाचशेच्या आसपास होतील असा अंदाज धरला. तयार फाइल ५१० एमबीची निघाली, म्हणजे एका दिवसाच्या कोट्यात आरामात बसणारी.

खरा वेग मोजा

स्पीड टेस्टची ॲप वापरू नका. ती डेटा खातात आणि काही सेकंदांचाच वेग दाखवतात. २० एमबीची एखादी फाइल ज्या जागी व्हिडिओ टाकणार आहात तिथेच टाका आणि घड्याळ लावा. मला तीन मिनिटं लागली. म्हणजे ५१० एमबीला सव्वा तासाच्या थोडं वर.

व्हिडिओ बघताना नेट झकास आणि चढवताना मात्र गोगलगाय, असं का होतं हेही सांगतो. टॉवरकडे ताकद भरपूर असते, त्यामुळे त्याचं आपल्यापर्यंत पोचतं. आपला फोन मात्र जास्तीत जास्त एक पंचमांश वॅटने उत्तर देतो. टॉवर लांब असला, मध्ये डोंगर किंवा भिंत आली, की आधी आपला आवाज बसतो. म्हणून कोपऱ्यावरच्या कांड्या बघू नका. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत `dBm` चा उणे आकडा असतो, तो बघा. आमच्या माजघरात तो उणे ११६ असतो, माळ्यावरच्या खिडकीत उणे ९८. उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका बरा. फोन खिडकीत ठेवा आणि लांब केबलने लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. वायफाय हॉटस्पॉटपेक्षा हे चांगलं: हॉटस्पॉट मध्येच आपोआप बंद होतो, हे होत नाही, आणि फोन चार्जही होत राहतो.

तुटल्यावर पुढे चालतं का, हे आधी तपासा

माझी तीन वर्षं इथेच गेली. मला वाटायचं, वेग कमी म्हणून अपलोड फसतं. तसं नसतं. वेग कमी असला तर फक्त वेळ लागतो. घात होतो तो नेट मध्येच तुटून अपलोड पुन्हा शून्यापासून सुरू झाल्याने. एकदा एक फाइल ९१ टक्क्यांवर तुटली, पुन्हा सुरू केली, तर परत ० टक्के. तिसऱ्या खेपेला दिवसाचा डेटा संपला. आमच्या प्लॅनमध्ये त्यानंतर ६४ केबीपीएस मिळतो, म्हणजे तासाला कसेबसे २९ एमबी. त्या रात्री मी काहीच टाकू शकलो नाही, आणि मुंबईच्या मंडळींना काय सांगावं ते कळेना.

म्हणून आता मोठी फाइल हातात घेण्याआधी मी मुद्दाम नेट तोडून बघतो. ३० एमबीची फाइल लावायची. चाळीस टक्क्यांच्या आसपास गेली की फोनवरचा मोबाइल डेटा बंद करायचा, एक मिनिट थांबायचं, परत चालू करायचा. आकडा चाळीसच्या पुढे सरकला तर तो रस्ता चांगला. शून्यावर आला तर त्या रस्त्याने मोठी फाइल कधीही पाठवू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. अनेक साध्या वेबसाइटींचे आणि सरकारी-खासगी अर्जांचे अपलोड असेच शून्यावर येतात.

यूट्यूब लॅपटॉपच्या ब्राउझरमधून ही परीक्षा पास होतं. नेट गेलं तर पान रिफ्रेश करू नका, टॅब बंद करू नका, ते स्वतःच परत प्रयत्न करतं. टॅब बंद झालाच, किंवा लॅपटॉप बंद पडला, तर २४ तासांच्या आत त्याच खात्याने अपलोडच्या पानावर जाऊन तीच फाइल पुन्हा निवडा. तीच म्हणजे अगदी तीच: नाव बदललेली नको, पुन्हा बनवलेली नको. पहिल्या मिनिटात आकड्यावर डोळा ठेवा. तो मागच्या ठिकाणाहून निघाला तर उत्तम. शून्यावरून निघाला तर लगेच थांबवा आणि काय चुकलं ते आधी बघा, नाहीतर डेटा दुप्पट जाईल.

आता नेट तुटतंच का, ते सांगतो. दोन वर्षं मी टॉवरला दोष देत होतो. मग एका सप्ताहाच्या रात्री, अपलोड चालू असताना, माझ्या दुसऱ्या सिमवर आत्याचा फोन आला आणि बोलता बोलता माझं लक्ष स्क्रीनवर गेलं. आकडा गोठलेला. फोन ठेवला, अर्ध्या मिनिटाने आकडा हलला. तेव्हा उलगडा झाला. दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर बोलणं चालू असेपर्यंत दुसऱ्या सिमचं नेट थांबतं. मिनिटभराचं बोलणं असेल तर निभतं, दहा मिनिटांचं असेल तर अपलोड तुटतं. आणि सप्ताहाच्या रात्री कोणाचा फोन मिनिटात आटोपतो?

म्हणून अपलोडच्या आधी दुसरं सिम सेटिंगमधून बंद करा. ज्या सिमचं नेट वापरताय त्यावर व्होल्टी चालू असू द्या, नाहीतर फोन आला की नेट थांबतं. नेट आपोआप दुसऱ्या सिमवर वळवण्याची सोय असेल तर तीही बंद करा. ती मध्येच दुसऱ्या कंपनीच्या नेटवर उडी मारते, जुनी जोडणी मोडते, आणि दुसऱ्याच कोट्याला भोक पडतं.

शून्यावरून सुरुवात झाली होती की नाही, हे नंतरही कळतं. फोनमध्ये डेटा वापराचा आकडा आधी आणि नंतर लिहून ठेवा. माझी ५१० एमबीची फाइल यंदा ५४० मध्ये गेली, म्हणजे ठीक. आकडा नऊशेच्या घरात गेला असता तर कुठेतरी तेच ते दोनदा चढलं असं समजायचं.

लावा आणि सोडा

लॅपटॉपला सांगा की हे नेट मीटर्ड कनेक्शन आहे, नाहीतर टेदरिंग मिळताच तो आपली अपडेट उतरवायला लागतो. मी एकदा याच कारणाने चारशे एमबी गमावले होते. लॅपटॉप झोपणार नाही असं सेटिंग करा, बाकी सगळे टॅब बंद करा. फोनवरूनच टाकत असाल तर डेटा सेव्हर बंद, त्या ॲपला बॅटरीची बंधनं नकोत, आणि स्क्रीन चालू ठेवा.

मी पहाटे चार वाजता लावतो. संध्याकाळी सातनंतर सगळं गाव एकाच टॉवरवर असतं, पहाटे नसतं. आमच्या प्लॅनचा कोटा मध्यरात्री नव्याने मिळतो, त्यामुळे पहाटे पूर्ण दीड जीबी हाताशी असतो.

व्हिडिओ यूट्यूबऐवजी कराडच्या एडिटरला पाठवायचा असेल तर सेव्हन-झिपच्या फाइल मॅनेजरमध्ये `Split file` ने १०० एमबीचे तुकडे करा. तुकडे `.001`, `.002` असे होतात, समोरचा `Combine files` ने जोडतो. एक तुकडा फसला तर पंधरा मिनिटं जातात, रात्र जात नाही. तुकडे पोचले की शेवटच्या तुकड्याचा आकार दोन्हीकडे सारखा आहे ना, ते फोनवर विचारून घ्या.

यूट्यूबवर १०० टक्के झाल्यावरही थोडा वेळ त्याची प्रक्रिया चालते. त्यासाठी तुमचं नेट लागत नाही, टॅब बंद केला तरी चालतो. ती संपली की दुसऱ्याच्या फोनवर शेवटची दोन मिनिटं लावून आवाज नीट आहे ना ते ऐका. मग दुसरं सिम चालू करा आणि लिंक पाठवा.