गर्दीच्या फोटोवर मराठी अक्षरं वाचता येतील अशी कशी बसवावीत

वारीचा फोटो पोस्टरसाठी मोठा अवघड असतो. पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे, मध्येच भगव्या पताका, डोक्यावरची तुळशीवृंदावनं आणि वर आषाढातलं ढगाळ पांढुरकं आभाळ. त्यावर अक्षरं टाकायची म्हटली की सल्ला ठरलेला: ‘अक्षरांना काळी बॉर्डर दे’ किंवा ‘मागे थोडं काळं टाक.’ पहिला सल्ला देवनागरीसाठी चुकीचा आहे आणि दुसरा अर्धवट. ‘थोडं’ म्हणजे किती आणि नेमकं कुठे, हे कोणी सांगत नाही.

पालखीच्या वाटेवरच्या आरोग्य शिबिरासाठी मी एकदा पोस्टर केलं होतं. त्यात ‘रांग सकाळी ७ पासून’ अशी ओळ होती. ‘रां’वरचा अनुस्वार नेमका एका टोपीवर पडला आणि छापून आल्यावर ओळ ‘राग सकाळी ७ पासून’ अशी वाचली जात होती. पडद्यावर मोठं करून पाहताना मला तो अनुस्वार दिसत होता, कारण तो तिथे आहे हे मला ठाऊक होतं. तेव्हापासून मी डोळ्यावर विसंबत नाही, आकड्यावर विसंबतो.

फोटो आधी कापून घ्या, रंग दुरुस्त करून घ्या आणि मजकूर त्यातल्या त्यात शांत कोपऱ्यात ठेवा. समजा पोस्टर १०८० बाय १३५० पिक्सेलचं आहे, मजकूर पांढरा आहे आणि तो वरून ९०० पिक्सेलपासून १२७० पर्यंत बसतो. इथून पुढचं काम या पट्ट्याचं.

आता आकडा. दोन रंगांतला कॉन्ट्रास्ट १:१ पासून २१:१ पर्यंत मोजतात. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वांत नेहमीच्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुराला, म्हणजे साधारण २४ पिक्सेलपासून पुढच्या किंवा १९ पिक्सेलपासून पुढच्या ठळक अक्षरांना, किमान ३:१ सांगितलं आहे. छापील पोस्टरला तो नियम लागू नाही, पण मी तोच पाळतो. देवनागरीत मोठ्या मथळ्यालासुद्धा ४.५ सोडत नाही, कारण मथळा कितीही मोठा असला तरी त्यातला अनुस्वार आणि रफार लहानच राहतात.

भगवा रंग गडद आहे असं वाटून पताकेवर पांढरी अक्षरं टाकणारे पुष्कळ. `#FF9933` या भगव्यावर पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.१ भरतो.

ओव्हरले, म्हणजे फोटोवर टाकायचा काळा थर, किती हवा, हे फोटोच्या सरासरी उजेडावरून ठरवू नका. अक्षरांखाली येणारा सगळ्यात पांढरा ठिपका शोधा. वारीच्या फोटोत तो बहुधा पूर्ण पांढराच असतो. त्यावर ३० टक्के काळा थर टाकला तर पांढऱ्या अक्षरांना २.१ मिळतो, म्हणजे भगव्याइतकाच वाईट. ५४ टक्क्यांना ४.५ गाठला जातो आणि ६० टक्क्यांना ५.७. हे आकडे ब्राउझर ज्या पद्धतीने थर मिसळतो त्या पद्धतीचे आहेत. काही सॉफ्टवेअरं वेगळ्या पद्धतीने मिसळतात आणि तिथे तेवढेच टक्के टाकूनही फोटो बराच उजळ राहतो. म्हणून थराचे टक्के वाचू नका, थर टाकल्यावर खाली जो रंग उरला तो मोजा. काळ्याऐवजी गडद तपकिरी किंवा निळा थर आवडत असेल तर तो थोडा जास्त लागेल, एवढंच.

पण अख्ख्या फोटोवर ६० टक्के काळं टाकलं तर वारी रात्री निघाल्यासारखी दिसते. म्हणून ग्रेडियंट, आणि सगळ्यात जास्त पोस्टरं इथेच बिघडतात. मीही बरीच वर्षं इथे चुकत होतो.

नेहमीचा ग्रेडियंट असा असतो: तळाशी ७० टक्के काळा आणि फोटोच्या मध्यावर, म्हणजे ६७५ पिक्सेलवर, शून्य. दिसायला तो छान दिसतो. आता मोजा. मजकुराच्या शेवटच्या ओळीच्या तळाशी, १२७० वर, काळेपणा सुमारे ६२ टक्के उरतो, तिथे पांढऱ्या ठिपक्यावरही कॉन्ट्रास्ट ६ च्या वर आहे. पण पहिली ओळ सुरू होते तिथे, ९०० वर, काळेपणा २३ टक्केच आणि कॉन्ट्रास्ट १.८. मथळा असतो वरच्या ओळीत, आणि ग्रेडियंट सगळं बळ देतो खालच्या फोन नंबरला. लोक मग तळाचे टक्के ७० वरून ९० करतात. त्याने खालचा भाग डांबरासारखा काळा होतो आणि मथळा जवळपास तिथेच राहतो.

उपाय असा: उतार मजकुराच्या मागे येऊच द्यायचा नाही. मजकुराच्या मागे सपाट ६० टक्के ठेवा आणि उतार पहिल्या ओळीच्या वर सुरू करा. सपाट भाग शिरोरेषेपर्यंत नेऊन थांबवू नका. वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर असतात. सगळ्यात उंच मात्रेच्या वर आणखी ४० पिक्सेल घ्या. आपल्या पोस्टरमध्ये तळापासून ८६० पर्यंत सपाट आणि तिथून ५०० पर्यंत विरत जाणारा. सरळ उताराला सुरुवातीला आणि शेवटी एक रेघ दिसते, म्हणून मध्ये एक टप्पा टाकून तो वाकवा. वेबपानावर तेच असं लिहिता येईल:

```css
background-image:
  linear-gradient(to top,
    rgba(0,0,0,.6) 0 36%,
    rgba(0,0,0,.22) 50%,
    rgba(0,0,0,0) 63%),
  url("wari.jpg");
```

मात्र वेबपानावर हे टक्के फोटोच्या उंचीचे असतात. मोबाइलवर मथळा दोनाच्या तीन ओळींचा झाला की वरची ओळ पुन्हा उतारावर जाते. तिथे ग्रेडियंट फोटोला न देता मजकुराच्या चौकटीला द्या आणि चौकटीला वरून भरपूर पॅडिंग ठेवा. मजकूर वाढला की सपाट भागही वाढेल असं पाहा, म्हणजे उतार टक्क्यांत नाही, पिक्सेलमध्ये लिहा.

एवढं करूनही मजकूर वाचायला जड जात असेल तर दोष उजेडाचा नाही, बारीक तपशिलाचा आहे. टाळांच्या दोऱ्या, सदऱ्याच्या चुण्या, पताकांच्या काठ्या यांची जाडी अक्षरांच्या रेघांइतकीच असली की डोळा दोन्हींत गोंधळतो. फोटोच्या थराची प्रत काढून फक्त त्या पट्ट्यात गॉशियन ब्लर द्या. अक्षराच्या रेघेएवढे तपशील विरघळले की थांबा. ब्लरची कडाही ग्रेडियंटसारखी हळूच विरू द्या, नाहीतर वारकऱ्यांच्या कमरेवरून एक रेघ गेल्यासारखी दिसते.

अक्षरांना काळी बॉर्डर देऊ नका. क्ष, ज्ञ, द्ध यांच्यातल्या पोकळ्या तिने बुजतात. फारच गरज वाटली तर पसरट, मऊ सावली द्या.

शेवटी तपासणी. सगळे थर एकत्र करून एक प्रत काढा आणि मजकूर लपवा. जिथे अक्षरं येतात तिथला सगळ्यात उजळ ठिपका आयड्रॉपरने उचला आणि त्याचा कोड पांढऱ्याबरोबर कॉन्ट्रास्ट मोजणाऱ्या साधनात टाका. WebAIM या संस्थेचं साधन फुकट आहे. `#767676` म्हणजे ४.५४, तिथपर्यंत ठीक. त्याहून उजळ ठिपका सापडला तर थर वाढवा किंवा तेवढी टोपी बर्न टूलने काळवंडून घ्या. अख्खा थर वाढवण्यापेक्षा एखाददुसरी टोपी गडद करणं मला बरं वाटतं, फोटो जिवंत राहतो.

मग मजकूर परत दाखवा आणि पोस्टर स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. तिथे फोटो दाबला जातो आणि बारीक टिंबं आजूबाजूच्या रंगात मिसळतात. मोबाइल उन्हात धरा आणि मोठं न करता प्रत्येक अनुस्वार मोजा. मूळ मजकुरात जेवढे आहेत तेवढे भरले पाहिजेत. मी आता ही मोजणी दुसऱ्या कोणाकडून करून घेतो, ज्याने मजकूर आधी वाचलेला नाही अशाकडून.