चारही पर्याय बरोबर वाटतात तेव्हा: आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेत या चुका टाळा

एडब्ल्यूएसच्या सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेत 65 प्रश्न असतात आणि वेळ 130 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं. बहुतेक प्रश्नांत एखादा तरी चुकीचा पर्याय प्रत्यक्षात चालू शकतो. इथेच माणूस फसतो, कारण तो ‘हे चालेल का?’ एवढंच तपासतो. विचारलेलं असतं वेगळंच.

एक प्रश्न घेऊ. एका कंपनीचे ईसी-टू सर्व्हर प्रायव्हेट सबनेटमध्ये आहेत. ते रोज रात्री काही टेराबाइट लॉग त्याच रीजनमधल्या एस-थ्री बकेटमध्ये टाकतात. हा डेटा नॅट गेटवेतून जातो आणि बिल फुगलंय. सर्व्हर प्रायव्हेट सबनेटमध्येच राहायला हवेत, डेटा पब्लिक इंटरनेटवर जायला नको. शेवटी विचारलंय: `MOST cost-effective` उपाय कोणता?

पर्याय असे:
अ) प्रत्येक अव्हेलेबिलिटी झोनमध्ये स्वतंत्र नॅट गेटवे.
ब) सर्व्हर पब्लिक सबनेटमध्ये हलवून सिक्युरिटी ग्रुप कडक करणे.
क) एस-थ्रीसाठी इंटरफेस एंडपॉइंट.
ड) एस-थ्रीसाठी गेटवे एंडपॉइंट आणि राउट टेबलमध्ये त्याची नोंद.

पहिली चूक म्हणजे पर्याय आधी वाचणं. मी प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचतो, मग वर जाऊन अटी दोन गटांत टाकतो. काही अटी मोडताच येत नाहीत. इथे त्या दोन: सर्व्हर प्रायव्हेट आणि डेटा इंटरनेटबाहेर. काही अटी तुलनेच्या असतात, इथे ‘सर्वांत कमी खर्च’. छाटणी आधी पहिल्या गटाने करायची. तुलना त्यातून जे वाचतील त्यांच्यातच.

हा क्रम उलटा केला की ‘ब’ गळ टाकून बसलेलाच असतो. नॅट गेटवेचा खर्च वाचतो आणि एकाच रीजनमध्ये ईसी-टूकडून एस-थ्रीकडे डेटा पाठवायला शुल्क नाही, त्यामुळे नुसता खर्च पाहणाऱ्याला तो आवडतो. पण सर्व्हर पब्लिक सबनेटमध्ये गेले की पहिलीच अट मोडली. ‘अ’मध्ये दर जीबीचं प्रोसेसिंग शुल्क जसंच्या तसं राहतं, तासाचं भाडं उलट वाढतं आणि डेटा एस-थ्रीच्या पब्लिक एंडपॉइंटकडेच जातो. उरले ‘क’ आणि ‘ड’, दोन्ही चालणारे. आता खर्चाचा शब्द लावून पाहायचा: इंटरफेस एंडपॉइंटला प्रत्येक झोनमागे तासाचं आणि वर दर जीबीचं शुल्क आहे, गेटवे एंडपॉइंटला स्वतंत्र शुल्क नाही. उत्तर ‘ड’.

आता याच प्रश्नात एक वाक्य वाढवा: ‘कंपनीच्या डेटा सेंटरमधले सर्व्हरही डायरेक्ट कनेक्टवरून हीच बकेट खासगी मार्गाने वापरतील.’ लगेच ‘ड’ पडतो. गेटवे एंडपॉइंट फक्त त्याच व्हीपीसीच्या राउट टेबलपुरता असतो. डायरेक्ट कनेक्ट, व्हीपीएन किंवा पीअरिंगच्या पलीकडून तो वापरता येत नाही. इंटरफेस एंडपॉइंटला सबनेटमधला प्रायव्हेट आयपी मिळतो, त्यामुळे तिथवर बाहेरून पोचता येतं. म्हणजे महागडा ‘क’ बरोबर. ‘एस-थ्री आणि प्रायव्हेट दिसलं की गेटवे एंडपॉइंट’ असं पाठ करून आलेला इथे हमखास आपटतो.

दुसरी चूक, आणि ही अनुभवी लोक जास्त करतात: पर्याय ‘बरा वाटत नाही’ म्हणून कापणं. मी स्वतःला एक नियम घातलाय: प्रश्नातल्या ज्या शब्दाने पर्याय मरतो, त्या शब्दावर बोट ठेवता आलं तरच कापायचा. ‘आमच्याकडे असं करत नाहीत’ हे कारण नाही. नाव अनोळखी आहे, हेही नाही.

तुलनेचा शब्द `LEAST operational overhead` असेल तर मोजपट्टी बदलते. तिथे चालणाऱ्या पर्यायांपैकी ज्यात आपल्याला सर्व्हर सांभाळायला, पॅच करायला किंवा स्क्रिप्ट लिहायला लागते तो आधी मागे पडतो, मग तो स्वस्त का असेना.

दोन मिनिटांत दोन पर्याय उरले आणि पुढे सरकत नसेल तर एक निवडा, फ्लॅग करा, पुढे जा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कोरा प्रश्न मात्र चुकीचाच धरतात.

सराव परीक्षेनंतर नुसता स्कोअर पाहू नका, बरोबर पर्याय कुठल्या टप्प्यावर सुटला ते पाहा. शेवटच्या दोनांत येऊन सुटला असेल तर तुलनेचा शब्द नीट वाचला नाही किंवा त्या दोन सेवांतला फरक कच्चा आहे. पहिल्याच छाटणीत उडाला असेल, तर आपण प्रश्नात नसलेली अट स्वतःच घातली किंवा त्या सेवेबद्दल चुकीचं काही पक्कं धरलंय. अशा वेळी आणखी सराव प्रश्न सोडवण्याऐवजी ती एक सेवा खात्यात उघडून करून पाहा. गेटवे एंडपॉइंट बनवल्यावर राउट टेबलमध्ये `pl-` ने सुरू होणारी ओळ दिसते. ती एकदा पाहिली की डायरेक्ट कनेक्टवाला फरक वेगळा पाठ करावा लागत नाही.